तीस दिवसांत मोडी: रोजची नोंद अशी ठेवा की प्रेक्षक उद्याही येईल

‘तीस दिवसांत अमुक शिकतोय’ अशा मालिकेचा पहिला भाग बरेच लोक बघतात. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत त्यातले बहुतेक गळतात आणि मालिका करणारा कॅमेऱ्याला किंवा नशिबाला दोष देतो. कारण बहुधा साधं असतं. कालच्यापेक्षा आज काय बदललं, हे बघणाऱ्याला दिसतच नाही. रोज कोणीतरी येऊन ‘आज खूप सराव केला, मजा आली’ म्हणत असेल, तर ते उद्या पुन्हा ऐकायला कोण येईल?

इथे एकच उदाहरण धरून पूर्ण रीत सांगितली आहे: तीस दिवसांत मोडी लिपी वाचायला शिकणं आणि त्याचा रोज एक छोटा व्हिडिओ. मोडी घेण्याचं कारण असं की प्रगती इथे अक्षरं मोजून दाखवता येते. शिवाय प्रेक्षकाला भाषा येते, फक्त लिपी येत नाही, त्यामुळे तो तुमच्याबरोबर अंदाज बांधू शकतो. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर जुने मोडी दप्तर वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांना कळली आहे, आणि कोकणातून मुंबईत आलेल्या अनेक घरांत आजोबांच्या ट्रंकेत एखादं न वाचलेलं खरेदीखत असतंच. म्हणजे बघणारा वर्ग आहे. तो टिकवायचा कसा, एवढाच प्रश्न.

## आधी जमवायच्या गोष्टी

- मोडीचं एक जुनं क्रमिक पुस्तक किंवा त्याची डिजिटल प्रत. शाळांत मोडी शिकवायचे त्या काळातलं, छापील अक्षरांचं
- स्वच्छ हस्ताक्षरातला मोडी मजकूर, ज्याचं देवनागरी लिप्यंतर सोबत मिळतं असा
- झेरॉक्सच्या प्रती, ३५ छोटी पाकिटं, चिकटपट्टी, एक मोठी आलेखवही
- फोन, तो वरून खाली रोखून धरणारा स्टँड, वायरवाला इअरफोन
- सेकंद दाखवणारं टेबलावरचं घड्याळ किंवा दुसरा जुना फोन
- घरातला एक माणूस, ज्याला रोज पाच मिनिटं देता येतील

पुस्तकासाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टातले पदपथावरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते ही पहिली ठिकाणं. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे किंवा कुठल्याही संग्रहात गेलात तर कागदाचा फोटो काढण्याआधी परवानगी विचारा, आणि तो फोटो व्हिडिओत दाखवायचा असेल तर तेही वेगळं विचारा. अभ्यासासाठी प्रत घेऊ देणं म्हणजे ती जगाला दाखवू देणं नव्हे.

घरचं खरेदीखत वापरण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यात माणसांची नावं, जमिनीचे क्रमांक, कधीकधी चालू वादाचा मजकूर असतो, आणि तुम्हाला अजून वाचता येत नसल्यामुळे आपण काय दाखवतोय हेच कळत नाही. पहिल्या महिन्यात तो कागद ट्रंकेतच राहू द्या.

## १. तीस दिवसांत काय जमेल ते नेमकं ठरवा

‘मोडी शिकणार’ हे उद्दिष्ट चालत नाही, कारण ते पूर्ण झालं की नाही हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि बघणाऱ्यालाही. पेशवेकालीन दप्तरातलं घाईचं, अक्षरात अक्षर गुंतलेलं लेखन वाचायला वर्षं जातात. ते महिन्यात वाचून दाखवतो असं पहिल्या दिवशी म्हणालात, तर जाणकार त्याच दिवशी निघून जातील.

रोज तासभर सरावाला देणाऱ्याला झेपेल असं उद्दिष्ट हे: अनोळखी, स्वच्छ हस्ताक्षरातला ६० अक्षरांचा मोडी उतारा दोन मिनिटांत मोठ्याने वाचायचा आणि त्यातली किमान ५० अक्षरं बरोबर यायची. यात वेळ आहे, संख्या आहे, आणि नापास होण्याची शक्यताही आहे. ती नसेल तर तिसावा भाग कोणी कशाला बघेल?

## २. मोजपट्टी पहिल्या दिवसाच्या आधी तयार करा

सगळी मालिका या पायरीवर उभी असते आणि नवखे नेमकी हीच गाळतात. रोज तोच उतारा वाचला तर आठवडाभरात तो पाठ होतो. आकडा चढतो, पण लिपी आलेली नसते. रोज वेगळ्या पुस्तकातला उतारा घेतला तर आकडा वरखाली नाचतो आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून उतारे वेगवेगळे हवेत, पण एकाच हातचे आणि एकाच वजनाचे.

असं करा. छापील पुस्तकातून ६० अक्षरांचे १४ उतारे निवडा, हस्ताक्षरातल्या मजकुरातून २१. पहिले बारा दिवस छापील, पुढचे अठरा हस्तलिखित. उरलेले पाच राखीव. प्रत्येकाची झेरॉक्स एका पाकिटात घाला, मागे त्याचं देवनागरी लिप्यंतर असलेला कागद दुसऱ्या घडीत ठेवा, आणि हे काम स्वतः करू नका. घरातल्या माणसाला सांगा. तुम्ही निवडायला बसलात की डोळा अजाणता ओळखीच्या ओळींकडेच जातो. छापील आणि हस्तलिखित हे दोन गठ्ठे वेगवेगळे पिसून पाकिटांवर फक्त क्रमांक घालायचे.

मोडी शिकलेला तपासनीस मुंबईत रोज संध्याकाळी कुठून आणायचा, ही शंका इथे येते. त्याची गरजच नाही. तपासणाऱ्याच्या हातात देवनागरी लिप्यंतर असतं. तुम्ही मोठ्याने वाचायचं, आईने किंवा मावशीने कागदावर बरोबर-चूक खुणा करायच्या. तिला मोडीचं एक अक्षर यायला नको. मात्र चूक झाली की लगेच ‘अगं, ते असं नाही’ म्हणायचं नाही, एवढं तिला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा. दोन मिनिटं तोंड बंद, मग निकाल.

मोजण्याचे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. काना, मात्रा, वेलांटी, उकारासकट एक अक्षर म्हणजे एक. जोडाक्षरही एकच. ऱ्हस्व-दीर्घ मोजायचं नाही, कारण मोडीत तो भेद पाळलेलाच नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ एकसारखेच लिहिलेले दिसतात आणि कुठला हे संदर्भावरून ठरतं. हा नियम आधी सांगितला नाही, तर दहाव्या दिवशी कोणीतरी हमखास विचारतं की अमुक चूक का धरली नाही, आणि मग नियम मध्येच बदलला असं दिसतं.

या रोजच्या उताऱ्यांखेरीज एक दहा ओळींचं हस्तलिखित पान वेगळं काढा. याला आपण खुंटा म्हणू. ते फक्त दिवस १, १०, २० आणि ३० ला वाचायचं, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. त्याचं उत्तर तिसाव्या दिवसापर्यंत तुम्हाला कळता कामा नये. मावशी फक्त आकडा सांगेल. कुठे चुकलं हे सांगितलं तर पुढच्या वेळचं वाचन निम्मं आठवणीचं होतं. पहिल्या दिवशी या पानावर शून्य येईल. ते शून्य कॅमेऱ्यावर पूर्ण येऊ द्या, आवरतं घेऊ नका. तिसाव्या दिवसाची सगळी किंमत त्या शून्यावर ठरते.

## ३. चौकट एकदाच लावा, मग हलवू नका

दिवस १ आणि दिवस ३० शेजारी ठेवून दाखवायचे असतील तर दोन्हीत कागद त्याच जागी, त्याच आकाराचा दिसला पाहिजे. टेबलावर कागदाचे चार कोपरे आणि स्टँडचे पाय चिकटपट्टीने आखून घ्या. छोट्या खोलीत ते टेबल जेवणाचंही असतं, म्हणून पट्टी पुसली तरी न निघणारी घ्या, नाहीतर दुसऱ्याच दिवशी पोळपाटाखाली खुणा गायब होतात.

चौकटीत तीन गोष्टी हव्यात: कागद, घड्याळ, आणि अक्षरावर टेकलेलं पेन्सिलीचं टोक. चेहरा लागत नाही. पेन्सिल मात्र सोडू नका. तुम्ही कुठल्या अक्षरावर अडलात हे प्रेक्षकाला तिच्यामुळे कळतं, आणि तोही तिथेच अडतो.

उजव्या हाताने पेन्सिल धरत असाल तर दिवा डावीकडे, नाहीतर हाताची सावली नेमकी वाचायच्या अक्षरावर पडते. व्हिडिओत काळे पट्टे वरखाली सरकताना दिसले तर तो फोनचा बिघाड नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि काही एलईडी दिवे तिच्या तालावर लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात. फोकस आणि उजेड कागदावर बोट दाबून धरून लॉक करा. तो लॉक नसेल तर पेन्सिल पुढे सरकली की फोन तिच्यावर फोकस करायला धावतो आणि अक्षरं धूसर होतात.

आवाजासाठी इअरफोनचा माइक पुरतो. ती दोन मिनिटं पंखा बंद. मे महिन्यात हे जड जातं, पण पंख्याची घरघर नंतर काढायला गेलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. कुकरची शिट्टी आली तर येऊ द्या. चाचणी मात्र त्यासाठी पुन्हा घेऊ नका, कारण दुसऱ्यांदा वाचलेला उतारा अनोळखी राहत नाही.

## ४. रोजचा दीड तास

अभ्यासाला साधारण ५० मिनिटं, चाचणी आणि तपासणी १० मिनिटं, संकलन २० मिनिटं, चढवणं आणि नोंद १० मिनिटं. अभ्यासातली वीस-पंचवीस मिनिटं लोकलमध्ये होतात: पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याचे तुकडे, एका बाजूला मोडी, दुसऱ्या बाजूला देवनागरी. विरार फास्टमध्ये वही उघडता येत नाही, पण शर्टाच्या खिशातली दहा कार्डं अंगठ्याने सरकवता येतात.

उरलेला अर्धा तास घरी, लिहिण्याचा. मोडी वाचायला शिकायचं असलं तरी ती लिहून बघावीच लागते. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग अक्षरं तिला खालून टांगत जायची, हात शक्यतो न उचलता. कान्याची रेघ खालून वर शिरोरेषेकडे का जाते आणि त्यामुळे अक्षराचं रूप का बदलतं, हे हाताला कळलं की डोळ्याला लवकर दिसायला लागतं.

चाचणी अभ्यासानंतर रोज त्याच वेळी घ्या. एक दिवस सकाळी ताज्या डोक्याने आणि दुसऱ्या दिवशी बदलापूरहून उभं राहून आल्यावर रात्री अकराला, असं झालं तर आलेख लिपीचा राहत नाही, थकव्याचा होतो.

## ५. निकालाचा आकडा नव्हे, चुकीची जात दाखवा

समजा नववा दिवस आहे. दोन मिनिटांत तुम्ही ४४ व्या अक्षरापर्यंत पोचलात, त्यातली ३५ बरोबर, ९ चूक. व्हिडिओत फक्त ‘आज ३५!’ म्हणालात तर काल ३३ होते म्हणून दोन वाढले, इतकंच कळतं. त्याने कोणाची उत्सुकता चाळवत नाही.

आता त्या नऊ चुका कागदावर लाल गोलात दाखवा आणि वाटून टाका. समजा त्यातल्या पाच ‘र’च्या निघाल्या. मोडीत ‘र’ शेजारच्या अक्षराला चिकटताना एकच रूप ठेवत नाही, म्हणून सुटा ‘र’ पाठ असलेला माणूसही जोडणीत फसतो. दोन चुका उकाराच्या आणि दोन दिसायला जवळच्या अक्षरांच्या. म्हणजे दहाव्या दिवशी काय करायचं ते तुम्ही ठरवायची गरजच उरली नाही: ‘र’ची वीस कार्डं. हे प्रेक्षकाला सांगा आणि दुसऱ्या दिवशी तेच तपासा. दहाव्या दिवशी ४७ पर्यंत पोचलात, ४१ बरोबर, ६ चूक, आणि त्या सहांत ‘र’ची एकच, असं झालं तर बघणाऱ्याला उपाय लागू पडलेला डोळ्यांनी दिसतो. ‘र’च्या अजून पाचच आल्या, तर उपाय चुकला हेही तितकंच दिसतं. प्रेक्षक उद्या येतो तो हे बघायला.

यासाठी वहीत रोज एकच ओळ पुरते: दिवस, पाकीट क्रमांक, पोचलेलं अक्षर, बरोबर, चूक, चुकांची वाटणी, उद्याचा उपाय. ही ओळ चाचणीनंतर लगेच, पेनाने लिहा. रात्री झोपताना आठवून लिहिलेल्या नोंदीत चुका नेहमी थोड्या कमीच निघतात.

## ६. भागाची बांधणी

एक भाग तीन ते चार मिनिटांचा ठेवा. पहिल्या दहा सेकंदांत कालच्या अडलेल्या शब्दाचं उत्तर. स्वागत, नाव, सबस्क्राइबची विनंती यातलं काहीच त्याआधी नको. पुढची पंधरा सेकंदं नव्या माणसासाठी: ‘मी तीस दिवसांत ६० अक्षरांचा अनोळखी मोडी उतारा दोन मिनिटांत वाचायचा प्रयत्न करतोय, काल ४१ बरोबर आली.’ हे वाक्य रोज तेच ठेवा, फक्त आकडा बदला. अकराव्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या माणसाला मागचे दहा भाग बघायची सक्ती वाटू नये, यासाठी ते असतं.

मग चाचणी. दोन मिनिटं सलग दाखवणं बघणाऱ्याला जड जातं, पण मध्ये कापलंत की शंका येते. यावर उपाय म्हणजे चौकटीतलं घड्याळ. पहिलं दीड मिनिट चौपट वेगाने पळवा, शेवटची तीस सेकंदं खऱ्या वेगाने ठेवा. घड्याळ सोबत पळताना दिसतं, म्हणून काही लपवलं नाही हे सांगावं लागत नाही. त्यानंतर लाल गोल, चुकांची वाटणी, आज शिकलेली एकच गोष्ट.

आणि शेवटी उद्यासाठी एक अडलेली जागा. ही जागा खरी हवी, मुद्दाम रचलेलं रहस्य लोकांना लगेच कळतं. मोडीत सुदैवाने अशा जागा रोज सापडतात, कारण शब्द तोडून लिहायची पद्धत नाही आणि विरामचिन्हंही नाहीत. एका ओळीत सलग ‘तोवरगेला’ असं आलं. सगळी अक्षरं ओळखली, तरी वाचायचं काय? ‘तो वर गेला’ की ‘तोवर गेला’? पेन्सिल त्या जागी ठेवा, आधीची आणि नंतरची ओळ दाखवा, प्रश्न विचारा आणि भाग संपवा. शेवटची दहा-पंधरा सेकंदं कागदाची स्थिर चौकट राहू द्या. यूट्यूबचे शेवटचे पडदे ५ ते २० सेकंदांचेच लावता येतात, आणि त्या वेळात लोक तो शब्द फोडत बसतात.

## ७. उत्तरांचा आणि प्रसिद्धीचा मेळ घाला

मोडीसारखा विषय असला की कॉमेंटमध्ये लोक उत्तरं देतात, आणि इथे नवखे हमखास अडखळतात. मंगळवारी संध्याकाळी चित्रित केलेला सातवा भाग तुम्ही बुधवारी रात्री नऊला प्रसिद्ध करता. आठवा भाग तुम्ही बुधवारी संध्याकाळी चित्रित केलेला असतो. म्हणजे सातव्या भागातल्या कोड्यावर प्रेक्षक काय म्हणाले हे आठव्यात येऊच शकत नाही. म्हणून नियम असा ठेवा: कोड्याचं तुमचं उत्तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला, प्रेक्षकांची उत्तरं त्याच्या पुढच्या भागात. हे कॉमेंटमध्ये एकदा पिन करून सांगा, नाहीतर ‘आमचं उत्तर वाचलंच नाही’ अशी नाराजी येते.

एक दिवसाचं हे अंतर ठेवा, पण त्याहून जास्त नको. आठवड्याचे भाग साठवून सोडले तर कॉमेंटमधून आलेली दुरुस्ती तुम्ही सात भागांनंतर मान्य करता आणि मधले सहा भाग तीच चूक करत राहतात.

दुरुस्ती येणारच. मोडी जाणणारे ज्येष्ठ लोक आवर्जून लिहितात, कधी जरा तोऱ्यातही. चूक खरी असेल तर त्या भागाच्या पिन केलेल्या कॉमेंटमध्ये वेळेसकट लिहा, पुढच्या भागात दहा सेकंदांत दाखवा, आणि त्या दिवसाचा आकडा बदलत असेल तर वहीत जुना आकडा खोडून नवा लिहा, जुना वाचता येईल असा. दोघे जाणकार एकाच अक्षरावर वेगळं म्हणत असतील तर निवाडा करू नका. ते अक्षर ‘वादात’ म्हणून मोजणीतून वगळा आणि तसं सांगा. असे भाग बहुधा सगळ्यात जास्त चर्चेचे होतात.

मथळ्यात ‘दिवस ९’ सुरुवातीला घालू नका. फोनवर लांब मथळा शेवटी कापला जातो, आणि अनोळखी माणसाला नववा दिवस म्हणजे आठ दिवस हुकल्याची पाटी वाटते. ‘मोडीतला र मला पाच वेळा फसवतो | ९/३०’ असं पुरे. सगळे भाग एका प्लेलिस्टमध्ये, क्रमाने. फाइलींची नावं सरावाच्या दिवसावर ठेवा, प्रसिद्धीच्या तारखेवर नको:

```
D09_P11_chachani.mp4
D09_P11_kagad.jpg
D10_P04_chachani.mp4
D10_khunta.mp4
```

`P11` म्हणजे पाकीट अकरा. विसाव्या दिवशी कोणी नवव्या दिवसाचा कागद मागितला तर तो अर्ध्या मिनिटात सापडला पाहिजे. जागेचा हिशेबही करून ठेवा: रोजचं आठ-दहा मिनिटांचं कच्चं चित्रण १०८० पिक्सेलमध्ये साधारण एक जीबीच्या आसपास जातं. तिसऱ्या आठवड्यात फोन भरतो आणि घाईत नेमका दिवस १ पुसला जातो. दर रविवारी दुसरीकडे प्रत काढा.

## ८. तेराव्या दिवसाची घसरण

तेराव्या दिवशी छापील संपून हस्तलिखित सुरू होतं आणि आकडा कोसळतो. ५० च्या घरात असलेला माणूस वीस-पंचविसावर येतो. हे अपयश नाही, कागद बदलला आहे. पण आलेखात एकच रेघ पुढे ओढली तर बघणाऱ्याला तुम्ही विसरायला लागलात असं वाटतं. म्हणून तेराव्या दिवशी दुसऱ्या रंगाची नवी रेघ सुरू करा आणि बाराव्या दिवसाच्या भागातच सांगून ठेवा: उद्यापासून हस्ताक्षर, आकडा पडणार, किती पडेल असं वाटतं? अंदाज मागितला की घसरण हेच त्या दिवसाचं आकर्षण होतं.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस जवळजवळ सपाट जातात. आकडा दोनने वर, तीनने खाली. इथे बरेच जण सोपी पाकिटं घ्यायला लागतात किंवा चाचणी दोनदा घेऊन चांगली दाखवतात. असं करू नका, पकडले जाता. सोपा उतारा पुढच्या दिवशी उघडा पाडतो. त्याऐवजी या दिवसांत चुकांची वाटणी ठळक करा. एकूण ३० वर थांबलेलं असतं, पण आत हालचाल चालू असते: ‘र’च्या चुका संपतात आणि त्यांची जागा शब्द चुकीच्या ठिकाणी तोडण्याच्या चुका घेतात. म्हणजे अक्षरं यायला लागली, आता अडचण वाक्याची आहे. सपाट आकड्याखालचा हा बदल तुम्ही दाखवला नाहीत तर तो कोणालाच दिसणार नाही.

## ९. सुटलेला दिवस

पहिल्याच भागात नियम जाहीर करा: ३३ दिवसांत ३० सरावाचे दिवस. तीन सुट्ट्या. ताप, लग्न, पाण्यात अडकलेली लोकल, कारण काहीही असो. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या टेबलाचा एक फोटो आणि ‘आज सराव नाही, दिवस १६ उद्या’ इतकंच टाका. एका रात्रीत दोन दिवसांचे भाग उरकून तारीख जुळवू नका. वहीतली दोन ओळींची एकच शाई आणि घड्याळातली वेळ लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

## १०. लोक परत येतायत का, हे बघायचं कुठे

एकूण बघणाऱ्यांचा आकडा रोज पाहू नका. पहिला भाग पुढे महिनोन्‌महिने नवे लोक आणत राहतो आणि बाकीचे त्याच्यापुढे कायम लहान दिसतात. यूट्यूब स्टुडिओच्या प्रेक्षक विभागात नवे आणि जुने प्रेक्षक वेगळे दिसतात. हे आकडे एक-दोन दिवस उशिरा येतात, म्हणून आठवड्यातून एकदाच बघा.

रोज बघण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, भागाच्या पहिल्या तीस सेकंदांचा आलेख. तिथे खोल खड्डा असेल तर कालच्या कोड्याचं उत्तर नीट दिलं गेलं नाही किंवा ओळख लांबली. दुसरी, कोड्याला उत्तर देणारी नावं. वहीच्या मागच्या पानावर ती उतरवा आणि आज किती जुनी, किती नवी ते लिहा. वीस जणांनी उत्तर दिलं आणि त्यातले बारा आधीचे असतील, तर मालिका चालली आहे, भले एकूण आकडा तीनशेच असेल. उत्तरं येणं तीन दिवस थांबलं तर कोडी फार अवघड झाली आहेत असं धरा: पूर्ण ओळ विचारण्याऐवजी एक शब्द विचारा आणि त्यातलं एक अक्षर उघडं करून द्या.

## ११. तिसावा दिवस

आधी रोजची चाचणी, नेहमीसारखी. मग खुंट्याचं पान, पाच मिनिटं. हा एकच भाग दहा-बारा मिनिटांचा झाला तरी चालेल. पडद्याचे चार भाग करून त्यात दिवस १, १०, २०, ३० चं तेच पान एकाच वेळी सुरू करा. पहिल्या चौकटीत पेन्सिल पहिल्याच अक्षरावर थिजलेली, चौथीत ती ओळीवरून सरकतेय. पट्टीच्या खुणा पाळल्या असतील तर चारही कागद एका रेषेत येतील. नसतील, तर चार वेगळ्या मालिका जोडल्यासारखं दिसेल, आणि ते संकलनात दुरुस्त होत नाही.

त्यानंतर मावशीने पहिल्यांदाच उत्तराचा कागद कॅमेऱ्यासमोर उघडायचा आणि ओळीओळीने तपासायचं. ठरलेली ५० अक्षरं रोजच्या उताऱ्यात आली नाहीत, ४६ वर थांबलात, तर ४६ हाच मथळा द्या आणि चुकलेली चौदा अक्षरं दाखवा. वहीतल्या तीसही ओळी स्कॅन करून वर्णनात जोडा, खोडलेल्या आकड्यांसकट.